गाणं लावू की गोळी देऊ?

*"मॅडम, मी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि नॉर्सेट परीक्षेची तयारी करतेय. वेदनेवरचे प्रश्न माझे हमखास चुकतात. 'आधी नॉन-फार्माकोलॉजिकल, मग औषध' असं आम्ही पाठ केलंय, म्हणून पोझिशन बदलणं, मसाज, संगीत असलं काही दिसलं की मी तेच निवडते. परवा सराव परीक्षेत प्रश्न होता: स्तनाचा कॅन्सर, हाडांत पसरलेला, ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल चालू, वेदना ७. मी मसाज आणि संगीत लिहिलं, चुकलं. पुढच्या प्रश्नात डिमेन्शियाच्या, न बोलणाऱ्या आजींना चेहऱ्यांची पट्टी दिली, तेही चुकलं. स्केल कुठली आणि पायरी कुठली, हे ठरवायचं कसं? – एक विद्यार्थिनी, बीड"*

तुझा घोळ त्या 'आधी' शब्दात आहे. पाठ केलेल्या वाक्यामुळे तुझ्या डोक्यात वेदनाशामकांच्या शिडीला खाली आणखी एक पायरी जोडली गेली आहे: सगळ्यात खाली मसाज, त्यावर पॅरासिटामॉल, त्यावर ट्रॅमाडॉल, सगळ्यात वर मॉर्फिन. मग वेदना दिसली की तू तळापासून चढायला लागतेस. पण शिडीला तशी पायरी नाही. औषधाविना जे उपाय करतो ते प्रत्येक पायरीच्या बाजूला चालतात, पहिल्या पायरीवर आणि तिसऱ्या पायरीवरही. मॉर्फिन घेणाऱ्या बाईच्या पाठीखालीही उशी लागतेच.

तुझाच प्रश्न घेऊ. सराव प्रश्नात डोस बहुतेक दिलेले असतात, आपण ते धरून चालू. बाई ५८ वर्षांच्या. ट्रॅमाडॉल १०० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, पॅरासिटामॉल १ ग्रॅम तीन वेळा, दोन्ही वेळेवर घेतात. तरी दोन दिवसांपासून कंबरेतली वेदना दहापैकी ७. पर्याय असे: मसाज आणि संगीत, ट्रॅमाडॉल दर चार तासांनी मागून घेणं, ट्रॅमाडॉलऐवजी कोडीन सुचवणं, तोंडाने मॉर्फिन सुरू करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलणं.

आता एकेक पर्याय तपास. ट्रॅमाडॉलचे चार डोस म्हणजे दिवसाला ४०० मिलिग्रॅम झाले, आणि मोठ्या माणसाची मर्यादा तेवढीच. त्यापुढे गेलं तर वेदना फारशी कमी होत नाही, झटके येण्याची भीती मात्र वाढते. म्हणून दुसरा पर्याय गेला. कोडीन हेही ट्रॅमाडॉलच्याच पायरीवरचं औषध. एका सौम्य ओपिऑइडला पूर्ण डोसमध्ये दाद मिळाली नाही तर त्याच पायरीवर आडवं सरकायचं नसतं, वर चढायचं असतं; हा परीक्षेतला जुना सापळा आहे. मसाजबद्दल म्हणशील तर वेदना ७ म्हणजे तीव्र गटात, आणि त्यातून हाडांत पसरलेला कॅन्सर. असल्या पोखरलेल्या मणक्यावर जोराने रगडणं धोक्याचंही ठरू शकतं. उरलं मॉर्फिन, आणि तेच उत्तर.

पण उत्तरावर टिक करून थांबू नकोस, कारण पुढचा प्रश्न बहुतेक तिथूनच निघतो. मॉर्फिन सुरू झालं की ट्रॅमाडॉल बंद होतं. सौम्य आणि तीव्र ओपिऑइड एकत्र चालवत नाहीत. पॅरासिटामॉल मात्र चालू राहतं, ते वेगळ्या वाटेने काम करतं. समज, डॉक्टरांनी लवकर विरघळणारी १० मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी लिहिली, म्हणजे दिवसाला ६०. ही गोळी घड्याळाप्रमाणे द्यायची, 'दुखलं की सांगा' असं म्हणायचं नाही. मधेच कळ उसळली तर त्यासाठी वेगळा जादा डोस लिहिलेला असतो, साधारण दिवसाच्या एकूण मात्रेचा सहावा भाग, म्हणजे इथे १० मिलिग्रॅमच. तो द्यावा लागला म्हणून पुढची वेळेची गोळी चुकवायची नाही. आणि पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत हवं, कारण मळमळ चार-आठ दिवसांत ओसरते, गुंगीची सवय होते, पण मॉर्फिनने होणाऱ्या बद्धकोष्ठाची शरीराला सवय होत नाही. 'मॉर्फिन सुरू झालेल्या रुग्णाच्या काळजीत काय समाविष्ट कराल' असा प्रश्न आला आणि पर्यायांत सेन्ना किंवा बिसाकोडिल दिसलं, तर ते बाजूला टाकू नकोस.

ही शिडी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली मांडली, तीही कॅन्सरच्या वेदनेसाठी. हे लक्षात ठेवलंस तर दोन चुका टळतील. एक म्हणजे शिडी तळापासून चढायची सक्ती नाही. आलेला माणूसच ८ वर असेल तर त्याला दोन दिवस पॅरासिटामॉलवर ठेवून पाहत नाहीत, सुरुवात त्याच्या वेदनेच्या उंचीवरून होते. संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनातही शिडी हा काटेकोर नियम उरलेला नाही. दुसरी चूक ऑपरेशननंतरच्या रुग्णाची. तिथे प्रवास उलटा असतो. पहिल्या दिवशी वर, मग जखम भरते तसं खाली. पोट उघडलेल्या रुग्णाला पहिल्या संध्याकाळी 'पहिली पायरी' म्हणून नुसती गोळी देणारा पर्याय म्हणूनच चुकतो.

आकड्यांचं साधं गणित तुला माहीत असेलच: १ ते ३ सौम्य, ४ ते ६ मध्यम, ७ ते १० तीव्र. त्यावर फार वेळ घालवत नाही.

मग संगीत, मसाज, उशी हे उत्तर कधी असतं? असतं, आणि बऱ्याचदा असतं. एक उदाहरण बघ. रुग्णाला २० मिनिटांपूर्वी तोंडाने मॉर्फिन दिलंय, तो म्हणतो अजून ६ दुखतंय. पर्यायांत 'दुसरा डोस मागणं' आहे, 'डॉक्टरांना कळवणं' आहे आणि 'कुशीवर वळवून, उशी देऊन, पुन्हा तपासणं' आहे. तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनचा जोर चढायला साधारण तास लागतो. औषध फसलंय हे २० मिनिटांत ठरवता येत नाही. म्हणून इथे उशी. हाच डोस शिरेतून दिलेला असता आणि अर्धा तास उलटून गेला असता, तर चित्र वेगळं. तेव्हा प्रश्नात किती वाजता, कुठल्या मार्गाने दिलं हे आधी अधोरेखित कर. पोरी आकडा वाचतात आणि वेळ वाचत नाहीत.

दुसरी जागा म्हणजे वेदनेचं कारण हाताने दूर करता येतं तिथे. लघवीची नळी वाकून मूत्राशय फुगलंय, पट्टी करकचून बांधलीय, टाचेखाली चादरीची घडी आलीय. अशा वेळी औषधाची ट्रॉली ओढण्याआधी पांघरूण बाजूला करून बघणं हेच पहिलं काम. तिसरी जागा सौम्य वेदनेची, जेव्हा माणूस स्वतः म्हणतो, 'गोळी नको सिस्टर, जरा पाठ चोळून द्या.' वेदना ३ असलेल्या, नीट शुद्धीतल्या माणसाने गोळी नाकारली तर तो त्याचा हक्क आहे. चौथी जागा क्षणभराच्या वेदनेची. नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घ्यायचंय, तिथे छातीशी धरणं, अंगावर पाजणं किंवा जिभेवर साखरेच्या पाण्याचे दोन थेंब पुरेसे असतात. बाकीच्या प्रश्नांत, विशेषतः आकडा ७ किंवा त्यावर असेल आणि लिहिलेला डोस द्यायची वेळ झालेली असेल, तर 'गाणं लावून लक्ष दुसरीकडे वळवणं' औषधाच्या जागी टाकलेलं असतं, सोबत नाही. ते 'जागी' ओळखलंस की पर्याय आपोआप गळतो.

आता आजी. तू चेहऱ्यांची पट्टी निवडलीस, बहुधा 'बोलता येत नाही तर चित्रं दाखवू' या विचाराने. पण त्या पट्टीत रुग्णानेच चेहरा निवडायचा असतो. सहा चेहरे, ०, २, ४, ६, ८, १०, साधारण तीन वर्षांच्या पुढच्या मुलापासून वापरता येते. नर्सने रुग्णाचं तोंड बघून त्याच्याशी जुळणारा चेहरा शोधायचा, असं त्यात कुठेच नाही, आणि परीक्षक नेमका तोच पर्याय मधे पेरून ठेवतो. स्केल वयावरून निवडू नकोस, रोगाच्या नावावरूनही नको. एकच विचार: हा माणूस स्वतःचं दुखणं सांगू शकतो का? सांगू शकत असेल तर त्याचंच ऐकायचं. प्रश्नात 'सौम्य डिमेन्शिया, हो-नाही उत्तर देतात' असं असेल तर आधी विचारायचंच: 'आजी, दुखतंय? थोडं की खूप?' मार्गो मॅककॅफरी या अमेरिकन नर्सने १९६८ साली म्हणून ठेवलंय की माणूस सांगतो तीच वेदना आणि सांगतो तेव्हाच ती असते. त्यामुळे 'रक्तदाब नॉर्मल आहे, म्हणजे एवढं दुखत नसणार' हा पर्याय कायम चुकीचा. जुन्या दुखण्याला शरीर सरावतं, नाडी-रक्तदाब जागेवर येतात, दुखणं जात नाही.

सांगूच शकत नसतील, तरच वागण्यावरून मोजायचं. दोन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतच्या मुलाला फ्लॅक, प्रगत डिमेन्शियाला पेनॅड, व्हेंटिलेटरवरच्या मोठ्या माणसाला सीपॉट. त्यातला सीपॉट लक्षात राहत नाही कारण तो दहापैकी नसून आठपैकी असतो, आणि ३ किंवा जास्त आलं की वेदना धरायची. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल तर मात्र यातली कुठलीच स्केल लागत नाही. हलायलाच येत नाही तो माणूस कपाळाला आठ्या कशा घालणार? तिथे ऑपरेशन झालंय म्हणजे दुखतंय असं धरूनच चालायचं.

पेनॅड मी स्वतः एका आजींवर शिकले, ती गोष्ट सांगते. वय ८२, खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. बोलणं जवळजवळ बंद. सकाळी ओव्हर देताना रात्रपाळीची मुलगी म्हणाली, 'शांत आहेत, पेन नाही.' चार्टवर पेनच्या रकान्यात शून्य. मीही निजलेल्या आजींकडे बघितलं आणि पुढे गेले. मग मावशी आणि मी अंग पुसायला त्यांना वळवायला गेलो. श्वास लहान आणि भरभर झाला, पेनॅडचा एक गुण. कण्हल्या, एक. तोंड पूर्ण वेडंवाकडं, दोन. माझी साडी मुठीत करकचून धरली, मुठी सुटेनात, दोन. हात कुरवाळत 'झालं आजी, झालं' म्हटल्यावर जराशा निवल्या, एक. दहापैकी सात. पाच मिनिटांपूर्वी तीच बाई शून्य होती! पेनॅड निजलेल्यावर लावली तर पडून राहिलेल्या माणसाचा आकडा मिळतो. हाड मोडलेल्याचा आकडा हलवताना घ्यावा लागतो, आणि नोंद दोन्हींची करायची.

पुढे काय केलं तेही बघ, कारण तुझा शिडीचा प्रश्न इथेच सुटतो. ऑर्डर शीटवर पॅरासिटामॉल वेळेवर लिहिलेलं होतं आणि ट्रॅमाडॉलचं इंजेक्शन गरजेनुसार. दोन पाळ्यांत ते एकदाही दिलेलं नव्हतं, कारण आजींनी 'मागितलं' नव्हतं. मी अंग पुसणं थांबवलं, इंजेक्शन दिलं, अर्धा तास थांबले. मग दोघींऐवजी तिघी गेलो, गुडघ्यांमधे उशी ठेवली, पाय आणि कंबर एकाच वेळी एकसंध वळवलं. मुठी आवळल्या नाहीत, कण्हणं एकदा. पुन्हा मोजलं तर तीन. यात उशी आधी की इंजेक्शन आधी, असा प्रश्नच उरत नाही. औषधाशिवाय उशी घालायला वळवलंच कसं असतं? एक सावधगिरी मात्र ठेव. वागण्यावरून आलेला सात आणि माणसाने तोंडाने सांगितलेला सात एकसारखे नसतात. वागण्याचा आकडा वेदना आहे आणि उपायाने ती कमी झाली का, एवढं सांगतो. म्हणून औषध देऊन पुन्हा मोजणं, आणि त्याच स्केलने मोजणं, हे उत्तर त्या प्रश्नांत बहुधा असतं.

आपल्याकडची एक अडचण पुस्तकात नसते. शेतातल्या म्हाताऱ्या माणसाला 'दहापैकी किती?' म्हटलं की तो तुझ्याकडे बघत राहतो. गोळी दिल्यावर विचारलं तर सांगतो, 'आठ आणे फरक हाय.' काही मुली हे लगेच ५ म्हणून लिहून टाकतात. आठ आणे म्हणजे आहे त्यातलं निम्मं उतरलं. आधी ८ होतं तर आता ४, आधी ६ होतं तर ३. तो किती उतरलं ते सांगतोय, किती उरलं ते नाही. शिवाय तो कसं दुखतंय म्हणतो तेही ऐक. 'ठणका' म्हणाला तर आत सूज किंवा पू असेल अशी शंका घे. 'चमक मारते, आग होते, मुंग्या येतात' म्हणाला तर नसेचं दुखणं, आणि त्याला साध्या वेदनाशामकांची पायरी वाढवून हवा तसा उतार पडत नाही. तिथे गॅबापेन्टिन किंवा अमिट्रिप्टिलिनसारखं सोबतचं औषध लागतं, जे कुठल्याही पायरीवर जोडता येतं. आकडा पायरी सांगतो, शब्द औषधाची जात सांगतो.

आता असा एक प्रश्न, जिथे उशीही चूक आणि गोळीही चूक. तरुण मुलगा, मोटारसायकलवरून पडला, नडगीचं हाड मोडलं, प्लास्टर घातलंय. शिरेतून मॉर्फिन देऊन ४० मिनिटं झाली, वेदना ६ वरून ९ वर गेली. पायाची बोटं आपण हाताने मागे वाकवली की ओरडतो. पर्याय: बर्फ लावणं, दोन उशांवर पाय उंच ठेवणं, डोस पुन्हा देणं, सर्जनला ताबडतोब कळवणं. हा कम्पार्टमेंट सिंड्रोम आहे. आत दाब वाढून रक्तपुरवठा तुटत चाललाय. पाय हृदयाच्या वर उंचावला तर पोहोचणारं रक्त आणखी कमी होतं, बर्फाने शिरा आवळतात, आणि पुन्हा दिलेलं मॉर्फिन खूण झाकतं. पाय हृदयाच्या पातळीवर, प्लास्टर सोडवण्याची तयारी, आणि फोन. 'पायाची नाडी लागतेय, म्हणजे ठीक' असंही म्हणायचं नाही, नाडी जाते ती फार उशिरा. मापाच्या बाहेर जाणारी आणि औषधाला न जुमानणारी वेदना दिसली की ती शिडीवर चढवायची नसते, डॉक्टरांकडे न्यायची असते.

आणि शिडीवर वर चढताना आकड्याच्या बरोबरीने गुंगी वाचायची. रुग्ण म्हणतोय ८, पण बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून डुलकी घेतोय, हाक मारली तर उठतो आणि पुन्हा घोरतो. इथे 'वेदना ८ म्हणून पुढचा डोस' हा पर्याय सगळ्यात खोटा. ओपिऑइडने श्वास मंदावण्याआधी माणूस असाच गुंगीत जातो. डोस थांबवायचा, जागं करायचं, श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, ऑक्सिजन पाहायचा, डॉक्टरांना सांगायचं. नालोक्सोन हाताशी आहे ना, ते बघायचं. त्याच्या शेजारच्या खाटेवर दुसरा रुग्ण शांत झोपलाय, हलकेच हाक मारली तर डोळे उघडून म्हणतो, 'पाच आहे हो अजून.' त्याचा पुढचा डोस वेळेवर द्यायचा, झोपला होता म्हणून चुकवायचा नाही.